६०० मुलाखती, पण वजन २४६चं

प्रश्न: सर, आम्ही कोल्हापूर जिल्ह्यात दवाखान्याच्या खर्चावर ६०० जणांचा सर्व्हे केला. बाराही तालुक्यांत प्रत्येकी ५०. त्यात दर तालुक्यात ३८ पुरुष आणि १२ बायका भेटल्या. म्हणून तालुका आणि स्त्री-पुरुष असे दोन्ही वेट लावले. आता रिपोर्ट तपासणारे म्हणतात, तुमचा प्रभावी नमुना फक्त २४६ आहे. बाकीच्या साडेतीनशे मुलाखती गेल्या कुठे? वेट काढून टाकले तर चालेल का?

उत्तर:

मुलाखती कुठंही गेलेल्या नाहीत, आणि वेट काढू नका. पण तपासणाऱ्यांनी काढलेला आकडा बरोबर आहे. तो कसा आला हे नीट पाहिलंत तर तुमचे पैसे नेमके कुठं कमी पडले तेही त्यातच दिसेल.

आधी आकडेमोडीशिवाय सांगतो. गावातल्या एका दूध संस्थेत बारा जण दूध घालतात असं धरा. दोघं मोठे गोठेवाले, प्रत्येकी ३० लिटर. बाकी दहा जण ४-४ लिटर. एकूण १०० लिटर. प्रत्येकाच्या दुधाची फॅट मशिनवर लागते आणि मशिनचं रीडिंग प्रत्येक वेळी थोडं इकडंतिकडं होतं, ३० लिटरवाल्याचंही तेवढंच आणि ४ लिटरवाल्याचंही तेवढंच. आता सगळ्या दुधाची सरासरी फॅट काढायची, तर लिटरच्या प्रमाणातच काढावी लागणार. मग चार लिटरवाल्या एखाद्याचं रीडिंग चुकलं तर सरासरी जेमतेम हलते. तीस लिटरवाल्याचं चुकलं तर लगेच हलते. छोट्यांच्या दहा चुका एकमेकांना कापून जातात, मोठ्या दोघांच्या चुका कापायला दुसरं कुणी नाही. रीडिंगं बारा घेतली, पण सरासरीचा भरवसा पाच सारख्या रीडिंगांएवढाच आहे. हे पाच मी अंदाजानं म्हणत नाही. प्रत्येकाच्या वाट्याचा वर्ग करा (०.३ चा वर्ग दोनदा, ०.०४ चा वर्ग दहादा), बेरीज येते ०.१९६. एकला तिनं भागा, ५.१.

सर्व्हेत लिटरच्या जागी वेट येतो आणि मशिनच्या चुकीच्या जागी माणसामाणसातला फरक. बाकी गणित तेच. लेस्ली किश यांनी ते सर्व्हेवाल्यांसाठी सोप्या सूत्रात बसवलं आणि ते त्यांच्याच नावानं चालतं. यात w म्हणजे प्रत्येकाचा वेट आणि n_eff म्हणजे प्रभावी नमुना, तितक्या सारख्या वेटच्या माणसांएवढा भरवसा:

```
n_eff = (Σw)² / Σw²
```

एक्सेलमध्ये वेटचा कॉलम W असेल तर एका ओळीत काम होतं:

```
=SUM(W2:W601)^2/SUMSQ(W2:W601)
```

सगळे वेट सारखे असले की उत्तर ६०० येतं. ते जितके एकमेकांपासून लांब जातील तितकं उत्तर खाली येतं, कारण खालच्या बेरजेत वर्ग आहे आणि मोठा आकडा वर्गात फार माजतो. वेट कोणत्या मापात आहेत यानं काही फरक पडत नाही. सरासरी १ धरून केलेले असोत की बेरीज लोकसंख्येएवढी, उत्तर तेच येतं.

आता तुमचा सर्व्हे घेऊ. २०११च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या ३८,७६,००१. कोल्हापूर शहर पोटात घेऊन करवीर तालुका १०,३७,७१३. इचलकरंजीमुळं हातकणंगले ८,०७,७५१. आणि गगनबावडा ३५,७७२. तुम्ही तिन्हीकडं पन्नास-पन्नास माणसं घेतली. म्हणजे करवीरचा एक माणूस सुमारे २०,७५० जणांच्या वतीनं बोलतो आणि बावड्याचा सुमारे ७१५ जणांच्या. सरासरी वेट १ धरली तर करवीरच्या माणसाचा वेट ३.२१ आणि बावड्याच्या माणसाचा ०.११. जिल्ह्याच्या आकड्यात बावड्याची ती पन्नास माणसं साडेपाच माणसांएवढी मोजली जातात. बावड्याच्या पावसात तुमची पोरं भिजत घरोघर फिरली असतील, त्यांना हे सांगायला जीव होत नाही. पण जिल्ह्याच्या एकूण आकड्यापुरतं हे असंच आहे.

बारा तालुक्यांचा लोकसंख्येतला वाटा घेऊन वर दुधाचं केलं तेच गणित केलं की ६०० चे होतात ३३८. हा झाला फक्त तालुक्याचा तोटा.

दुसरा टप्पा स्त्री-पुरुषांचा. जिल्ह्यात २०११ साली हजार पुरुषांमागं ९५७ बायका होत्या, म्हणजे जवळजवळ निम्मे-निम्मे. तुमच्याकडं ७६ टक्के पुरुष आणि २४ टक्के बायका. त्यामुळं पुरुषाचा वेट ०.६६ वर आणला गेला आणि बाईचा २.०८ वर चढला. फक्त यामुळं नमुना आणखी १.३७ पटीनं आक्रसतो. हे प्रमाण सगळ्या तालुक्यांत सारखंच असल्यामुळं दोन्ही तोटे सरळ गुणले जातात: तालुक्याचा १.७८ पट, स्त्री-पुरुषाचा १.३७ पट, मिळून २.४३ पट. ६०० ला त्यानं भागलं की २४६. तपासणाऱ्यांनी काढलेला आकडा तो हाच.

इथपर्यंत बरेच जण येतात आणि थांबतात. २४६ हा आकडा शिक्का मारल्यासारखा रिपोर्टच्या तळटीपेत टाकतात आणि मोकळे होतात. खरी गंमत पुढं आहे. खालची बेरीज, म्हणजे Σw², नक्की कुणामुळं एवढी फुगली हे बघायचं. एक्सेलमध्ये वेटशेजारी w² चा कॉलम करा आणि तालुका-लिंगानुसार त्याची पिव्होट टेबल काढा. तुमच्या बाबतीत ती अशी येते: करवीरच्या बारा बायका, प्रत्येकीचा वेट ६.६९. एकूण बेरजेतला ३७ टक्के वाटा एकट्या या बारा जणींचा. हातकणंगल्याच्या बारा बायका, प्रत्येकीचा वेट ५.२१, वाटा २२ टक्के. म्हणजे सहाशे माणसांच्या सर्व्हेतली एकोणसाठ टक्के अनिश्चितता चोवीस बायकांच्या उत्तरांवर टांगलेली आहे.

हे हाताशी धरून बघायचं असेल तर एक प्रश्न घ्या. ‘गेल्या वर्षभरात दवाखान्यासाठी कर्ज काढावं लागलं का?’ करवीरमधली एक बाई ‘नाही’ म्हणाली. सासू शेजारी बसली होती म्हणून असेल, किंवा बचत गटातून उचललेली रक्कम तिला कर्ज वाटलीच नसेल. तिनं ‘हो’ म्हटलं असतं तर सगळ्या जिल्ह्याचा आकडा १.१ टक्क्यानं वर गेला असता. एका बाईच्या एका शब्दानं. बावड्यातल्या पुरुषानं उत्तर बदललं तर जिल्ह्याचा आकडा हलतो ०.०१ टक्क्यानं. हा फरक ब्याण्णव पट आहे.

मी यात एकदा पोळलोय. एका संस्थेसाठी टप्प्याटप्प्यानं फोनवरून सर्व्हे करत होतो. दुसऱ्या टप्प्यात एक आकडा एकदम तीन-साडेतीन टक्क्यांनी वर गेला. संस्थेला तो आवडला आणि तिनं घाईनं तो लोकांसमोर मांडलाही. मी तीन दिवस डेटा उपसत बसलो. शेवटी सापडला एकच तरुण मुलगा, ज्याचा वेट १४ झाला होता, कारण त्याच्या गटातलं दुसरं कुणी फोनच उचलत नव्हतं. चारेकशे माणसांच्या सर्व्हेत तो एकटा साडेतीन टक्के होता. त्यानंतर मी सरासरीचा कागद उघडायच्या आधी सगळ्यात मोठे वीस वेट कुणाचे आहेत ते बघतो. तुम्हीही ही सवय लावून घ्या.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडं वळतो, वेट काढले तर? मग तुम्हाला ६०० चा छान आकडा मिळेल, पण तो कोल्हापूर जिल्ह्याचा नसेल. ज्या जिल्ह्यात बावडा करवीरएवढा मोठा आहे आणि चारातले तीन लोक पुरुष आहेत, अशा जिल्ह्याचा असेल. असा जिल्हा कुठं नाही. ५० टक्क्यांच्या आसपासच्या उत्तराला ६०० वर दोन्ही बाजूंना मार्जिन येतं ४ टक्के, २४६ वर सव्वासहा. रुंद मार्जिन रिपोर्टमध्ये लिहिता येतं आणि वाचणारा त्याला धरून निर्णय घेऊ शकतो. चुकीच्या जिल्ह्याचा आकडा मात्र कोणत्याही मार्जिननं दुरुस्त होत नाही, आणि मुलाखती सहा हजार केल्या तरी तो तसाच चुकीचा राहतो.

वेट काढायचे नाहीत, पण त्यांना वरून कात्री लावायची का, हा प्रश्न मात्र रास्त आहे. समजा तुम्ही ठरवलंत की ३.५ च्या वर कुणाचाच वेट जाऊ द्यायचा नाही. मग त्या चोवीस बायकांचे वेट खाली येतात आणि प्रभावी नमुना २४६ वरून ३२८ वर चढतो. मार्जिन सव्वासहावरून साडेपाचच्या जरा खाली. पण बायकांचा एकूण वाटा ५० वरून साडेचव्वेचाळीस टक्क्यांवर घसरतो, आणि करवीरचा २६.८ वरून २२.६ वर. एखाद्या प्रश्नात बायका आणि पुरुष यांच्या उत्तरात २० टक्क्यांचं अंतर असेल, तर या कात्रीमुळं तुमचा आकडा सुमारे १.१ टक्क्यानं एका बाजूला झुकेल. तेवढं मी चालवून घेईन, कारण दोन्हींचे वर्ग करून तोललं तर अनिश्चितता त्याहून जास्त घटलेली असते. अंतर ४० टक्क्यांचं असेल तर झुकाव सव्वादोन टक्क्यांचा होतो आणि मग कात्री महागात पडते. म्हणून ३.५ का ५, हे पुस्तकातल्या नियमानं ठरवू नका. मुख्य चार-पाच प्रश्नांवर कात्री लावून आणि न लावता, दोन्ही आकडे शेजारी मांडा. आकडा कात्रीनं फारसा हलत नसेल तर लावा. चांगला दीड-दोन टक्क्यांनी हलत असेल तर ती मोठ्या वेटची माणसं खरंच वेगळं काही सांगतायत, त्यांचा आवाज बंद करू नका.

२४६ हा आकडा सगळ्या प्रश्नांना सारखा लागू होत नाही, हेही बोलायला हवं. किश यांच्या सूत्रामागं एक गृहीतक आहे: वेट आणि उत्तर यांचा एकमेकांशी संबंध नाही. काही प्रश्नांना ते बरोबर बसतं, काहींना अजिबात बसत नाही. तालुका क्षणभर बाजूला ठेवा, फक्त स्त्री-पुरुषाचा वेट घ्या, ४५६ पुरुष आणि १४४ बायका. किश सांगतात प्रभावी नमुना ४३८. आता प्रश्न घ्या, ‘चारचाकी चालवता येते का?’ समजा ४० टक्के पुरुष हो म्हणाले आणि ४ टक्के बायका. बायकांची उत्तरं जवळजवळ एकसारखी, त्यामुळं त्या कमी असल्या तरी फारसं बिघडत नाही. चढउतार सगळा पुरुषांत, आणि पुरुष तुमच्याकडं भरपूर. दोन्ही गटांची अनिश्चितता वेगवेगळी काढून निम्मी-निम्मी जोडली, तर या प्रश्नाला तुमचा नमुना सरसकट निवडलेल्या ८६६ माणसांएवढा भरवसा देतो. ४३८ नाही, आणि ६०० पेक्षाही जास्त. कारण निम्म्या लोकसंख्येचं उत्तर काय येणार हे फक्त ‘बाई’ एवढं कळल्यावरच बरंचसं कळून जातं, आणि बायका निम्म्या आहेत हे आपल्याला जनगणनेतून आधीच माहीत आहे. वेटमुळं माहिती कमीच होते असं म्हणतात ते म्हणून अर्धंच खरं आहे. वेट ज्या गोष्टीवर बेतला ती गोष्ट उत्तराशी घट्ट बांधलेली असेल तर फायदाही होतो.

कर्जाच्या प्रश्नात मात्र स्त्री-पुरुषांची उत्तरं जवळपास सारखीच येण्याचा संभव आहे, घर एकच असतं. तिथं किश यांचा आकडा जवळजवळ तंतोतंत लागू होतो, म्हणून तुमच्या मुख्य प्रश्नाला २४६ धरून चालायला हरकत नाही. बाकीच्या प्रश्नांसाठी सॉफ्टवेअरकडून प्रश्नागणिक मार्जिन काढून घ्या. R मध्ये `survey` पॅकेज वापरत असाल तर एवढं पुरेल (इथं `w` म्हणजे फक्त तालुक्याचा वेट, बेरीज लोकसंख्येएवढी):

```r
des <- svydesign(ids=~gaav, strata=~taluka, weights=~w,
                 data=d, nest=TRUE)
ps  <- postStratify(des, ~sex, pop)
svymean(~karja, ps, deff="replace")
```

`pop` मध्ये `sex` आणि `Freq` असे दोन कॉलम आणि प्रत्येक लिंगाची लोकसंख्या. इथं एक गोम आहे. तुम्ही बाहेरच तयार केलेला अंतिम वेट `svydesign` ला दिलात आणि `postStratify` ची ओळ गाळलीत, तर स्त्री-पुरुष प्रमाण जनगणनेतून घेतलंय हे पॅकेजला कळत नाही. मग चारचाकीसारख्या प्रश्नात ते मार्जिन उगाच रुंद दाखवतं.

याच्या उलट चूक SPSS मध्ये होते, आणि ती मी सगळ्यात जास्त वेळा पाहिली आहे. साधं Weight Cases वापरलं की सॉफ्टवेअरला वाटतं, वेट म्हणजे तेवढी खरी माणसं. वेटची बेरीज ३८ लाख असेल तर त्याच्या लेखी तुम्ही ३८ लाख मुलाखती घेतल्यात. प्रत्येक टेबलात प्रत्येक फरक ‘सिग्निफिकंट’ येतो. कुणीतरी हुशारीनं वेट ६०० वर आणतो, मग चूक लपते पण जात नाही, कारण टेबल ६०० धरून बोलतं आणि तुमच्याकडं आहेत २४६. टेबलाच्या तळाशी ६०० हा आकडा जसाच्या तसा दिसला की समजायचं, टेस्ट जास्तीच्या आत्मविश्वासानं बोलतेय. Complex Samples मॉड्यूल असेल तर ते वापरा.

साडेतीनशे मुलाखती गेल्या कुठं, याचंही आता उत्तर देता येतं. २४६ हा फक्त संपूर्ण जिल्ह्याच्या आकड्याचा हिशेब आहे. गगनबावडा तालुक्याचा वेगळा आकडा काढाल तेव्हा तिथले पन्नास जण फक्त एकमेकांशी तोलले जातात, तालुक्याचा वेट कापून जातो आणि उरतो फक्त स्त्री-पुरुषाचा. तिथं प्रभावी नमुना साडेछत्तीस. करवीरलाही तेवढाच, साडेछत्तीस. तालुक्या-तालुक्याची तुलना करायची म्हणून तुम्ही पन्नास-पन्नास घेतले असतील तर तो हेतू साधला आहे, किंमत जिल्ह्याच्या आकड्यानं मोजली. सगळ्या जिल्ह्यातल्या बायकांचा आकडा काढाल तर १४४ चे ८१ होतात, पुरुषांचे ४५६ चे २५७. म्हणून रिपोर्टमध्ये एकच प्रभावी नमुना छापू नका. ज्या गटाचं टेबल, त्याचा प्रभावी नमुना त्या टेबलाखाली द्या.

तालुक्यांचीही तुलना हवी आणि जिल्ह्याचाही आकडा हवा, अशी दुहेरी मागणी नेहमीच असते. पुढच्या वेळी लोकसंख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाटणी करून बघा. करवीरला ९७, हातकणंगल्याला ८६, शिरोळला ६०, आजऱ्याला ३३, बावड्याला १८ असं काहीसं येतं. एकूण तेच ६००, पण तालुक्याचा तोटा धरून प्रभावी नमुना ३३८ ऐवजी ५१८. बावड्यात १८ म्हणजे तिथला वेगळा आकडा सोडून द्यायचा, हे आधीच मान्य करून घ्या, नाहीतर रिपोर्टच्या दिवशी तोच आकडा मागतात.

आणि अजून एक वजावट वेटमध्ये दिसतच नाही. ५० माणसं तुम्ही पाच गावांतून दहा-दहा घेतली असतील. एका गावातल्या लोकांचा दवाखाना एक, रस्ता एक, पतसंस्था एक. त्यांची उत्तरं एकमेकांसारखी येतात. हे साधर्म्य ०.०५ एवढं बारीक धरलं तरी दहाच्या गटाला नमुना आणखी १.४५ पटीनं कमी होतो आणि २४६ चे १७० होतात. वरच्या कोडमध्ये `ids=~gaav` लिहिलंय ते यासाठीच.

आता या सर्व्हेचं काय करायचं? तुमच्याकडं थोडं बजेट आणि दोन-तीन आठवडे शिल्लक असतील तर सगळीकडं थोड्या थोड्या मुलाखती वाढवू नका. करवीरमध्ये ३६ आणि हातकणंगल्यात ३६ बायकांच्या मुलाखती वाढवा. दोन्हीकडं १२ च्या ४८ होतील, करवीरच्या बाईचा वेट ६.६९ वरून १.६७ वर येईल, आणि नुसत्या ७२ मुलाखतींत प्रभावी नमुना २४६ वरून ४४३ होईल. त्याच ७२ मुलाखती बावड्यात केल्या तर तो २४६ च्या आसपासच राहील. कात्री लावून ३२८ मिळत होते आणि वर झुकाव पदरात येत होता. इथं झुकाव नाही आणि आकडाही मोठा.

फक्त त्या ७२ जणी कशाही गोळा करू नका. बचत गटाच्या बैठकीत जाऊन एका दमात तीस फॉर्म भरून आणले तर वेट सुंदर दिसतील, सूत्र ४४३ सांगेल आणि ते खोटं असेल, कारण बैठकीला येणाऱ्या बायका न येणाऱ्यांपेक्षा वेगळ्या असतात आणि हे सूत्राला दिसत नाही. पहिल्यांदा ज्या पद्धतीनं गल्ल्या आणि घरं निवडलीत तीच पद्धत ठेवा, घरातली बाई आधी नाव काढून ठरवा, आणि ती नसेल तर दारात भेटलेल्या पुरुषावर भागवू नका, परत जा. पहिल्या वेळी ३८-१२ असं प्रमाण झालं ते बहुतेक सकाळच्या वेळेमुळं. बायका शेतावर, नाहीतर कामावर. खेड्यांत संध्याकाळच्या धारा काढून, दूध घालून झालं की तास-दीड तास घरातली माणसं निवांत असतात. इचलकरंजीत मात्र कारखान्याची पाळी कधी सुटते ते आधी विचारून घ्या.